चिऊच्या घराचा सूर्य आणि माझे तीन दिवस

दिवाळीत मामाकडे गेलो तेव्हा चिऊने (मामेबहीण, वय सहा) ड्रॉइंगच्या वहीतलं घर दाखवलं. गुलाबी छप्पर, पिवळी भिंत, खिडकीतून निघालेली एक शिडी, दाराएवढी उंच तीन फुलं आणि डाव्या कोपऱ्यात पाव सूर्य. मी आर्किटेक्चरला, त्यामुळे मामी सहज म्हणाली, "अरे हे कॉम्प्युटरवर खरं करून दाखव की तिला." मी पण फुशारकीत म्हटलं, एका संध्याकाळचं काम आहे मामी.

मॉडेल खरंच एका संध्याकाळी झालं. वहीच्या पानाचा फोटो ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मागे ठेवला, दार सात फूट धरलं आणि बाकीचं त्या मापाने उभं केलं. कागदावर दार तीन सेंटिमीटर, भिंत नऊ, म्हणजे भिंत एकवीस फूट. पण या हिशेबात फुलं पण सात फुटी होतात, म्हणून मी ती गपचूप लहान केली आणि चिऊ चिडली. "ती मोठीच आहेत." आणि शिडी ही शिडी नव्हतीच, घसरगुंडी होती! म्हणून सांगतो, आधी मुलाला शेजारी बसवून एकेक रेघ काय आहे ते विचारा, मी नाही विचारलं आणि अख्खी शिडी फुकट बनवली.

आता सूर्य. चित्रात तो वर डाव्या कोपऱ्यात, म्हणजे कॅमेऱ्याला दिसणारा, म्हणजेच घराच्या मागे. मी प्रामाणिकपणे आकाशातला सूर्य तिथेच आणला, रेंडर, म्हणजे मॉडेलवरून पक्कं चित्र काढायला लावलं, आमच्या जुन्या लॅपटॉपवर पन्नास मिनिटं लागली आणि निघालं काय तर काळंकुट्ट घर. साहजिकच आहे, उजेड मागून आला की समोरची भिंत सावलीत जाणार, खिडकीसमोर उभ्या माणसाचा फोटो काढला की तोंड काळं येतं तसंच. चिऊ म्हणाली, "दादा, रात्र का केलीस?"

मग मी एक्स्पोजर वाढवलं तर भिंत दिसायला लागली पण आकाश पांढरंफटक. म्हणून कॅमेऱ्याच्या मागे एक मोठा लाइट लावला, तर फुलांच्या सावल्या सरळ भिंतीवर पडल्या आणि मामा बघून म्हणाला, "हे नाटकाचा सेट वाटतंय रे." दुसऱ्या दिवशी मी `Sun` लाइट माउसने ओढत अख्ख्या अंगणात फिरवत बसलो आणि काहीच बदलेना. अर्धा तास गेल्यावर आठवलं की या लाइटची जागा महत्त्वाची नसते, फक्त तो कुठल्या दिशेला वळलाय ते बघतात. तिसऱ्या वर्षाला असून हे विसरलो, कॉलेजात कोणाला सांगू नका.

तिसऱ्या दिवशी चिडून मूळ चित्र परत उघडलं तेव्हा लक्षात आलं की पोरीने सावली कुठेच काढलेली नाही. तिचा सूर्य उजेड द्यायला नाहीच, दिवस आहे एवढं सांगायला आहे. मग दोन कामं वेगळी केली. उजेडासाठी `Sun` कॅमेऱ्याच्या डाव्या खांद्यावरून तिरका घराकडे वळवला, त्यामुळे भिंत उजळली आणि सावल्या उजवीकडे मागे गेल्या. आणि दिसणारा पाव सूर्य म्हणून कोपऱ्यात एक चमकणारी सपाट चकती लावली, तिच्या `Ray Visibility` मध्ये फक्त `Camera` चालू ठेवलं, म्हणजे ती दिसते पण तिचा उजेडही पडत नाही आणि सावलीही नाही. खरं तर हे खोटं आहे, पण दोन्ही डावीकडेच असल्यामुळे बघणाऱ्याला खटकत नाही.

हां, रंगाचं राहिलंच. छप्पर फिकट, धुवट गुलाबी यायचं. मी मटेरियलमध्ये रंग गडद करत राहिलो, पण दोष तिथे नव्हताच. ब्लेंडरच्या नव्या व्हर्जनमध्ये रंग पडद्यावर कसे दिसतील ते ठरवणारं `View Transform` आपोआप `AgX` असतं, ते भडक रंग उजेडात फिके करतं. फोटोसारखं दिसायला ते छान, पण खडूचा गुलाबी हवा असेल तर `Standard` करा. मात्र मग फार उजेड पडलेली जागा पटकन पांढरी होते, म्हणून मी `Sun` ची ताकद पाचवरून तीनवर आणली.

आणि चित्राचा फोटो रात्री ट्यूबलाइटखाली काढू नका, मेणाच्या खडूवर चकाकी येते आणि रंग भलतेच उचलले जातात. मी दुसऱ्यांदा सकाळी खिडकीपाशी काढला, फ्लॅश बंद करून.

शेवटी ग्लॉसी फोटो पेपरवर प्रिंट काढून दिली. चिऊने बराच वेळ बघितली, घसरगुंडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "सूर्याला डोळे कुठायत?" मी कपाळावर हात मारला. ती खडू घेऊन स्वतःच काढायला बसली तर ग्लॉसी कागदावर खडू धरेना, नुसता सरकतोय. म्हणून दुसरी प्रिंट साध्या मॅट कागदावर काढली. त्यावर आता सूर्याला डोळे आहेत, मिशा पण आहेत.