सोडिअमने इलेक्ट्रॉन दिला कुणाला?

आयनिक बंध शिकवून झाला होता. सोडिअमच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन, क्लोरीनच्या सात. सोडिअमने एक दिला, क्लोरीनने घेतला, दोघांची अष्टकं पूर्ण. फळ्यावर बाणही काढला. मग मिठाच्या स्फटिकाची प्रतिकृती टेबलावर ठेवली, तेव्हा एका मुलीने विचारलं, "मधल्या सोडिअमभोवती सहा क्लोरीन आहेत. त्याने दिला तो यातल्या कुणाला?"

मागच्या बाकावरून लगेच उत्तर आलं: दिला त्याच्याशी बंध, बाकीचे पाच नुसतेच शेजारी. वर्गाला हे पटलं. पटणारच, पाठ्यपुस्तकातला तो एकुलता एक बाण हेच तर शिकवतो.

मी वाद न घालता प्रयोगाला बसवलं. सोडिअम हायड्रॉक्साइडच्या विरल द्रावणात फिनॉल्फ्थॅलिन घालून गुलाबी रंग जाईपर्यंत ब्युरेटमधून विरल हायड्रोक्लोरिक आम्ल सोडलं. मग तेवढीच मापं घेऊन, पण दर्शक न घालता, सगळं पुन्हा केलं, नाहीतर मिठात दर्शकही उरतो. (ही दुसरी फेरी बहुतेक ठिकाणी वेळेअभावी गाळतात, मला ते खटकतं.) बाष्पनपात्रात पाणी आटवलं, तळाला पांढरं मीठ उरलं.

आता मी विचारलं, यात सोडिअमने क्लोरीनला इलेक्ट्रॉन कधी दिला? हायड्रॉक्साइडमध्ये तो आधीच Na⁺ होता. आम्लातला क्लोराइड आयनही आधीच तयार होता, त्याच्याकडचा जादा इलेक्ट्रॉन हायड्रोजनकडून आलेला. या दोघांत देवाणघेवाण झालीच नाही, तरी मीठ तेच. म्हणजे देणं-घेणं ही आयन कसे तयार झाले याची हकिगत. बंध म्हणजे विरुद्ध प्रभारांमधलं आकर्षण. ते साही शेजाऱ्यांशी सारखंच असतं, आणि प्रत्येक क्लोराइडभोवतीही सहा सोडिअम असतात. म्हणून मिठात NaCl अशी वेगळी जोडी सापडत नाही. ते सूत्र फक्त १:१ प्रमाण सांगतं.

क्लोरीन वायूचं तसं नाही. तिथे दोन अणूंमध्ये इलेक्ट्रॉनांची एक जोडी सामाईक असते, दोन्ही केंद्रकं तिला ओढतात आणि त्या ओढीनेच अणू एकत्र राहतात. कोणाचा बंध कोणाशी, हे इथे नेमकं सांगता येतं. म्हणून Cl₂ हा खरोखरचा रेणू, वायुरूपातही तो जोडीनेच फिरतो.

प्रश्न विचारणारीचं समाधान झालं नव्हतं. "हायड्रोजन क्लोराइड वायूत दोघं भागीदार, पण क्लोरीन जोडी स्वतःकडे जास्त ओढतो ना? मग पूर्ण ओढली तर आयनिकच झालं." मी म्हटलं, बरोबर, या दोन बंधांमध्ये भिंत नाही, उतार आहे; विद्युतऋणतेतला फरक जितका मोठा, तितका बंध आयनिककडे झुकतो. तिने वहीत ते लिहिलं आणि विचारलं, परीक्षेत बाण काढायचा की नाही.

काढ म्हटलं. गुण बाणालाच आहेत.