दिवेआगरची सहल आणि खिशात नसलेली चावी

श्रावणातला शनिवार, पहाटे पावणेसहा, कोथरूडमधली एका सोसायटीच्या फाटकाबाहेरची गल्ली. भाड्याने घेतलेली पांढरी हॅचबॅक समोर उभी आणि गाडी द्यायला मात्र कोणी नाही. मालक वर झोपलेले, चावी गाडीच्या आत, आणि गाडी बंद. ॲपवरून गाडी शेअर करायची आमची ही पहिलीच खेप. पुणे, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, दिवेआगर असा बेत होता, एका बाजूने साधारण १६० किमी, मुक्काम एक रात्र. समुद्र, मोदक आणि सुरमई याबद्दल बरेच लिहून झाले आहे, त्यामुळे मी फक्त चावीबद्दल लिहितो. आमचा या सहलीतला निम्मा जीव तिच्यातच अडकला होता.

आधी ॲपने फोनचे लोकेशन तपासले, कारण आपण गाडीपाशी असल्याशिवाय अनलॉकचे बटण उघडतच नाही. मग गाडीचे चारही बाजूंनी फोटो मागितले. लायसन्स आणि सेल्फीचे सोपस्कार आदल्या दिवशीच उरकले होते. बटण दाबले, पाचसहा सेकंद गोल गोल फिरले आणि खट्‌ आवाज होऊन चारही दारांच्या खिट्ट्या वर आल्या. खरी धातूची चावी डॅशबोर्डच्या कप्प्यात होती. ती काढली, गाडी सुरू केली, निघालो.

मी तेव्हा समजत होतो की चावी माझ्या फोनमध्ये आहे. तसे नसते. गाडीच्या डॅशबोर्डखाली एक छोटा डबा बसवलेला असतो. त्यात स्वतःचे सिमकार्ड, जीपीएस आणि सेंट्रल लॉकच्या वायरींना जोडलेला रिले असतो. आपण बटण दाबले की निरोप आधी कंपनीच्या सर्व्हरकडे जातो. सर्व्हर बघतो की हे बुकिंग याच माणसाचे आहे का, वेळ सुरू झाली आहे का. सगळे जुळले तर तो डब्यातल्या सिमला आज्ञा पाठवतो आणि डबा रिमोटसारखेच दार उघडतो. म्हणजे फोन फक्त विनंती करतो, दार उघडतो तो डबा. बऱ्याच गाड्यांत हाच डबा स्टार्टरची वायरही अडवून धरतो, त्यामुळे काच फोडून चावी मिळवली तरी इंजिन सुरू होत नाही.

दुसरी पद्धत ब्लूटूथची. त्यात बुकिंगपुरता चालणारा एक गुप्त संकेत नेट असतानाच फोनमध्ये उतरवून ठेवतात. गाडीपाशी गेल्यावर फोन तो थेट डब्याला देतो, मध्ये सर्व्हर लागत नाही. अमेरिकेत २००० साली सुरू झालेल्या झिपकारमध्ये काचेवर कार्ड टेकवले की दार उघडायचे, त्याच जातीची ही गोष्ट. बुकिंग करताना आपल्या गाडीत यातली कोणती पद्धत आहे हे विचारून घ्या. आमच्या गाडीत फक्त पहिली होती, आणि हे आम्हाला ताम्हिणीत कळले.

मुळशीचे पाणी मागे पडले, घाट लागला. एका धबधब्यापाशी भज्यांची टपरी दिसली तशी गाडी कडेला घेतली. मी चावी काढायला लागलो तर बायको म्हणाली, "चावी कशाला भिजवतोस? ॲपनेच लाव की." मलाही ते पटले. चावी परत कप्प्यात ठेवली, सगळे उतरलो, फोनवर रेंजची एक काडी होती, लॉक दाबले, खट्‌ झाले. झकास.

अर्ध्या तासाने परत आलो तर फोनवर रेंजच नाही. पाऊस सुरू, मुलगी कुडकुडतेय, आणि चावी काचेपलीकडच्या कप्प्यात. टपरीवाल्या मावशींच्या फोनला दुसऱ्या कंपनीचे सिम होते आणि त्यावर दोन काड्या दिसत होत्या. त्यांनी हॉटस्पॉट दिला. विनंती सर्व्हरपर्यंत पोचली, पण दार उघडेना, कारण आता गाडीतल्या डब्याच्या सिमला रेंज नव्हती. दोन टोके आहेत आणि दोघांनाही एकाच वेळी जाग यायला हवी, हे तेव्हा डोक्यात शिरले. आज्ञा काही सेकंद वाट बघते आणि मग रद्द होते. ॲप म्हणते, गाडीशी संपर्क होत नाही, पुन्हा प्रयत्न करा. आम्ही दर दोन मिनिटांनी दाबत राहिलो. आठव्या का नवव्या वेळी ढग जरा सरकले असावेत, आणि खट्‌. मावशींनी पुढे होऊन आधी पोरीला आत बसवले. भज्यांचे पैसे मात्र त्यांनी दोनदा घेतले, आणि ते योग्यच होते.

त्यावरून पुढच्यांना एकच सांगणे: प्रवास चालू असताना गाडी खऱ्या चावीने लावा आणि ती चावी खिशात ठेवा. ॲपची चावी पहिल्यांदा गाडी उघडायला आणि शेवटी लावायला. मधल्या थांब्यांवर तिचा मोह नको, घाटात तर नाहीच. आणि कस्टमर केअरचा नंबर रेंज असतानाच फोनमध्ये जतन करा. ॲपमधल्या मदतीच्या पानालाही नेट लागते.

रविवारी परतताना पेट्रोलचा हिशोब आला. जितके घेतले तितके भरून द्यायचे, आणि मीटरवर काड्या असतात आठच. काड्यांवर भरवसा ठेवला तर घोळ होतो, कारण टाकीतला तरंगता गोळा चढावर एक सांगतो आणि सपाटीवर दुसरे. पेट्रोल भरल्या भरल्या काटा लगेच वर येईलच असेही नाही. म्हणून मी किलोमीटरवरून गणित केले. निघताना ४१,२८६ होते. परतताना माणगावच्या पंपावर ४१,५२४, म्हणजे २३८ किमी झाले. पुढे पुण्यापर्यंत ११० धरले तर एकूण ३४८. ही गाडी घाटासकट १६ची सरासरी देते असे धरले की पावणेबावीस लिटर होतात. २२ लिटर भरले, पावतीचा फोटो काढला. गाडी लावताना आकडा ४१,६३४ निघाला आणि काड्या निघतानाइतक्याच, सहा. पावतीचा फोटो काड्यांपेक्षा जास्त कामाला येतो, विशेषतः डब्याने वाचलेली पातळी आणि तुमच्या डोळ्याला दिसलेली पातळी वेगळी निघाली तर.

आता शेवटचा अंक. घेताना गाडी फाटकाबाहेर होती, परत मात्र सोसायटीच्या तळघरात लावायची होती. तळघरात जीपीएसला आकाश दिसत नाही आणि सिमला रेंज मिळत नाही. फोटो अपलोड होईनात, लॉकची आज्ञा जाईना, आणि बुकिंगची वेळ संपायला बारा मिनिटे. शेवटी मालकांना फोन केला. ते वरूनच म्हणाले, "अहो, लिफ्टजवळच्या खांबाशी लावा, तिथे येते रेंज." त्यांच्या गाडीची नस त्यांना माहीत. हे आधीच विचारायला हवे होते. तळघरात गाडी परत करायची असेल तर शेवटची पंधरा मिनिटे हाताशी ठेवा, आणि डॅशबोर्डचा व बाहेरचे फोटो वर उजेडात, सपाट जागेवर, इंजिन बंद पण इग्निशन चालू ठेवून काढून घ्या. ॲप जागेवरच कॅमेरा उघडायला लावत असेल तरी स्वतःच्या गॅलरीत एक संच असू द्या.

खांबाशी गाडी लावली आणि लॉक दाबले. खट्‌ झाले आणि लगेच दुसरा खट्‌. खिट्ट्या खाली जाऊन परत वर आल्या. हा दुहेरी आवाज ओळखून ठेवा, त्याचा अर्थ कुठलेतरी दार नीट मिटलेले नाही. आम्ही चारही दारे पुन्हा आपटली तरी तेच. शेवटी मागच्या डाव्या दारात सीटबेल्टची क्लिप अडकलेली सापडली, बाहेरून जेमतेम बोटभर दिसणारी. डिकी हाही नेहमीचा गुन्हेगार. ॲपवर 'लॉक झाली' असे दिसले तरी प्रत्येक दाराची मूठ ओढून बघा आणि डिकीही. बऱ्याच डब्यांना आज्ञा दिल्याचे कळते, दार खरोखर बसले की नाही ते कळतेच असे नाही. काचा तर ॲप वर करतच नाही, त्या इग्निशन चालू असतानाच चढवाव्या लागतात.

दिव्यांचे सांगायचे राहिले. मुलीने मागचा छोटा दिवा चालू ठेवला होता. दिवसाउजेडी तो दिसलाही नसता. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची असते. पाच वॉटचा तो दिवा तासाला ०.४ अँपिअर-अवर खातो, म्हणजे दोनतीन दिवसांत गाडी सुरू होणे अवघड. हेडलाइट चालू राहिले तर चार तासांतच संपते. एरवी बॅटरी उतरली तर धक्का मारतो किंवा केबल लावतो. इथे मात्र बॅटरी उतरली की डबाही झोपतो, दार उघडत नाही, आणि दाराच्या कुलपात घालायची चावी आतच असते. पुढचा माणूस पहाटे पावणेसहाला फाटकाशी उभा असणार.

लॉक करणे आणि ट्रिप संपवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही ॲपमध्ये एकाच बटणाने दोन्ही होतात, म्हणून ते बटण सर्वांत शेवटी दाबा. ट्रिप संपली की तुमचा हक्क त्याच क्षणी जातो. सीटखाली पाकीट राहिले आहे हे दहा सेकंदांनी आठवले तरी दार तुमच्यासाठी उघडत नाही. आम्ही म्हणून आधी नुसते लॉक केले आणि ट्रिप चालूच ठेवली. बॅगा मोजल्या. चावी कप्प्यात आहे ना, हे काचेतून दिसत नव्हते, म्हणून एकदा अनलॉक करून डोळ्यांनी बघितली, पुन्हा लॉक केले, मुठी ओढल्या. मग ट्रिप संपवली आणि शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट घेतला, वेळ आणि किलोमीटरसकट. टोलचे पैसे बिलात नंतर येऊ शकतात, कारण फास्टॅग मालकाच्या खात्याला असतो, तेव्हा कुठून गेलात ते लक्षात असू द्या.

वेळ संपायला तीन मिनिटे होती. रिक्षात बसल्यावर बायकोने विचारले, "छत्री?" ती लिफ्टजवळच्या खांबाला टेकून उभी होती. निदान गाडीत तरी नव्हती.