घड्याळाकडे एक नजर

गुरुवार, रात्री साडेदहा

आज माझ्या तीन ट्रेनी थेरपिस्टांच्या सुपरव्हिजनमध्ये दीड तास एकाच सेशनवर गेला. एवढंच नव्हे, त्यातल्या दहा-बारा मिनिटांवर गेला. त्यातल्या एकाने क्लायंटच्या परवानगीने केलेलं रेकॉर्डिंग आणलं होतं. (इथे क्लायंटची ओळख पटेल असे तपशील बदलून लिहितेय.) मुलगी चोवीस वर्षांची, निदान बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे भावना आणि नाती सतत टोकाला जाणं. आपल्या आणि दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते समजून घ्यायला शिकवणारी मेंटलायझेशन-बेस्ड थेरपी म्हणजे एमबीटी सुरू होऊन तीन महिने झालेत. मैत्रिणीने फोन उचलला नाही, ते सांगत होती. मध्येच थांबली आणि म्हणाली, "तुम्ही घड्याळाकडे बघितलंत. तुम्हाला माझा कंटाळा आलाय."

आमचा ट्रेनी म्हणाला, "नाही नाही, तसं काही नाही. लहानपणी आई तुझ्याकडे लक्ष द्यायची नाही ना, म्हणून तुला आत्ता तसं वाटतंय."

इथे मी रेकॉर्डिंग थांबवलं. बाकीच्या दोघी ट्रेनी माना डोलावत होत्या, वाक्य त्यांना आवडलं होतं. मलाही आवडलं असतं, पंधरा वर्षांपूर्वी. ते कदाचित खरंही असेल. पण त्या क्षणी त्या मुलीला "मला वाटतंय" आणि "तसं आहे" यात फरकच करता येत नव्हता. मनात आलं तेच बाहेर खरं, याला एमबीटीत सायकिक इक्विव्हलन्स म्हणतात. भावनेचा पारा चढला की सावकाश विचार करणारं मन मागे पडतं आणि झटपट निष्कर्ष काढणारं मन ताबा घेतं. सगळ्यांचंच होतं तसं, बॉर्डरलाइनमध्ये ते लवकर होतं आणि नात्यात जवळीक असेल तिथे जास्त होतं. अशा वेळी तुम्ही तिला लहानपणीचं कारण सांगता, तेव्हा तिला ऐकू येतं एवढंच: मी जे डोळ्यांनी बघितलं ते खोटं, आणि माझ्या मनात काय चाललंय हे याला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

पुढची दहा मिनिटं ऐकताना मात्र ट्रेनीचा चेहरा खुलला. मुलगी शांतपणे, सलग बोलत होती. "हो, माझी अटॅचमेंटच इनसिक्युअर आहे, मला अबँडनमेंटची भीती आहे." त्याच्या नोंदवहीत लिहिलेलं होतं: चांगली इनसाइट. मी विचारलं, आवाज कसा वाटतोय? दोघींपैकी एक म्हणाली, "बातम्या वाचल्यासारखा." अगदी तेच. शब्द सगळे मनाविषयीचे, पण मन त्यात नाही. हा प्रिटेंड मोड. ओळखायची माझी खूण साधी आहे: सेशन फार छान चाललंय असं वाटतं आणि त्याच वेळी आपल्याला जांभई येते.

शेवटी जाता जाता ती म्हणाली, "खरंच काळजी असेल तर शनिवारी जास्तीची वेळ द्या." म्हणजे शब्दांवरचा विश्वास उडालाय, आता काळजी कृतीतून दिसली तरच ती खरी. हा टेलिओलॉजिकल मोड. आमच्या ट्रेनीने शनिवारची वेळ दिली. रागावले नाही मी. त्याच्या जागी घाबरून मीही दिली असती, दिलीही आहे.

मग आम्ही तोच प्रसंग पुन्हा केला. मी क्लायंट झाले. पहिल्या वेळी तो म्हणाला, "तुला असं का वाटतं?" मी खांदे उडवले. "का" विचारलं की माणूस एकतर बचाव करतो, नाहीतर सिद्धांत रचतो. त्याऐवजी काय झालं ते विचार, म्हटलं. आणि त्याआधी, तू बघितलं होतंस का घड्याळाकडे?

"हो."

मग आधी ते म्हण.

दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "हो, मी बघितलं. तू इतकं महत्त्वाचं सांगत असताना बघितलं. ते तुला टोचलं असणार." क्लायंटच्या खुर्चीत बसूनही माझे खांदे खाली आले. मग तो लगेच म्हणाला, "पण खरं तर मी..." आणि खुलासा द्यायला लागला. मी हात वर केला. खुलासा द्यायचा, पण नंतर. आधी तिच्या बाजूने तो क्षण पूर्ण बघायचा. म्हणून रिवाइंड: "आपण जरा मागे जाऊ या का? तू मैत्रिणीच्या फोनबद्दल बोलत होतीस. माझी नजर गेली तेव्हा तू नेमकं कुठे होतीस? त्या सेकंदाला काय झालं?"

इथे मराठीची एक गंमत रोज आडवी येते. "काय वाटलं?" विचारलं की उत्तर येतं, "मला वाटलं तुम्हाला कंटाळा आलाय." ही भावना नव्हे, दुसऱ्याच्या मनाविषयीचा अंदाज आहे. "वाटणं" या एका क्रियापदात विचार आणि भावना दोन्ही बसतात. म्हणून मी ट्रेनींना एक पायरी पुढे जायला लावते: "मला कंटाळा आलाय असं वाटलं, आणि मग तुझं काय झालं? राग आला, लाज वाटली, पोटात खड्डा पडला?" आज क्लायंट म्हणून मी उत्तर दिलं, "मूर्ख वाटलं. मी उगाच बडबडतेय असं." आता कुठे भावना हाती लागली. राग वर होता, लाज खाली होती.

त्यानंतरच दुसरी बाजू उघडायची. "मी नजर वळवली त्याचं आणखी काही कारण असू शकेल का, तुला काय सुचतं?" तिने एक जरी दुसरी शक्यता मांडली तरी पुष्कळ. मग आपलं खरं कारण सांगायचं. त्याचं खरं कारण असं निघालं, की वेळ संपत आली तर हा फोनचा विषय अर्धवट राहील अशी त्याला धास्ती होती. शेवटी, आपल्या दोघांत हे काय घडलं, मैत्रिणीच्या बाबतीतही असंच होतं का, हे एकत्र बघायचं. क्रम हाच: आधी आधार, मग तपशील आणि भावना, मग वेगळा दृष्टिकोन, नात्यावर सगळ्यात शेवटी. पारा पुन्हा चढला की मुकाट पहिल्या पायरीवर.

दोघींपैकी एक म्हणाली, "मॅडम, म्हणजे आपण काही माहीत नसल्याचं नाटक करायचं?" प्रश्न रास्त आहे. न जाणण्याची भूमिका म्हणजे भोळेपणा नव्हे. क्लायंटच्या मनात काय आहे हे मला खरोखरच माहीत नसतं. आपल्या मनातलं मात्र माहीत असतं, ते मोकळेपणाने बोलायचं. आणि जिवाचा धोका दिसला तर अंदाज-बिंदाज नाही, सरळ विचारायचं आणि सुरक्षिततेची पावलं उचलायची.

त्यांना लंडनचं सांगितलं. एमबीटी घडवणाऱ्या अँथनी बेटमन आणि पीटर फोनॅगी यांची 1999ची पहिली चाचणी, 18 महिन्यांच्या डे-हॉस्पिटल उपचाराची. आठ वर्षांच्या पाठपुराव्याअंती एमबीटी गटातल्या 13 टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या गटातल्या 87 टक्के लोकांत निदानाचे निकष अजून लागू होते. आकडा ऐकून डोळे चमकले, म्हणून दुसरी बाजूही सांगितली: नमुना लहान होता, आणि बऱ्या झालेल्यांचंही सामाजिक जीवन अडखळतच होतं. शिवाय तिथे व्यक्तिगत थेरपीबरोबर ग्रुप होता, मागे टीम होती. आपला हा पोरगा एका खोलीत एकटा.

शनिवारच्या वेळेचं काय, यावर बोललो. दिलेली वेळ काढून घ्यायची नाही. पण त्या दिवशी सुरुवातच त्याने करायची: "मागच्या वेळी मी घाईने हो म्हटलं. त्या वेळी आपल्या दोघांचं काय चाललं होतं, ते मला तुझ्याबरोबर बघायचंय."

निघताना दारात थांबून म्हणाला, "मॅडम, घड्याळ तिच्या खुर्चीमागे लावू का? मला दिसेल, पण माझी नजर तिला कळणार नाही."

लाव म्हटलं, पण तिला सांगून.