उभं अंतर, आडवं अंतर: न्यूटन-रॅफसनमधला वर्ग मला कसा उमगला

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "न्यूटन-रॅफसनचा वेग किती?" मी लगेच म्हटलं, "दुसऱ्या कोटीचा. प्रत्येक पायरीला चूक साधारण तिच्या वर्गाइतकी होते." त्यांनी पुढे एकच शब्द विचारला, "का?" मी टेलरचं सूत्र लिहायला घेतलं आणि मध्येच अडकले. गुण मिळाले, पण तो "का" पुढचे चार दिवस डोक्यातून गेला नाही.

पद्धत सगळ्यांना माहीत असते. समीकरणाचं मूळ शोधायला एक अंदाज घ्यायचा, तिथे वक्राला स्पर्शिका काढायची, आणि ती स्पर्शिका x-अक्षाला जिथे छेदते तो पुढचा अंदाज. पुस्तकातली सिद्धता मी तीनदा उतरवून काढली. प्रत्येक ओळ बरोबर दिसत होती, तरी वर्ग नेमका कुठून येतो ते दिसत नव्हतं. शेवटी सिद्धता बाजूला ठेवून एक समीकरण हातानं सोडवायला घेतलं.

समीकरण न्यूटनचंच निवडलं, x³ − 2x − 5 = 0. त्यानं ते १६६९ च्या हस्तलिखितात सोडवलं होतं. १६८५ मध्ये वॉलिसनं ते छापलं, आणि रॅफसनचं पुस्तक १६९० मध्ये आलं. न्यूटननं तिथे स्पर्शिका काढलीच नाही, विकलजही घेतला नाही. त्यानं मूळ २ च्या जवळ आहे हे पाहिलं, x = 2 + p असं मांडलं आणि विस्तार केला:

```
p³ + 6p² + 10p − 1 = 0
```

p लहान आहे, म्हणून p³ आणि 6p² सोडून दिले. उरलं 10p = 1, म्हणजे p = 0.1 आणि नवा अंदाज २.१. स्पर्शिकेनंही हेच येतं, कारण f(2) = −1 आणि f'(2) = 10.

या ओळीपाशी मी बराच वेळ थांबले. आपण फेकून दिलेला मोठा तुकडा 6p² आहे, आणि p म्हणजे तर आपल्या पहिल्या अंदाजातली चूक! खरं मूळ २.०९४५५१४८१५… असल्यानं खरा p ०.०९४५५ आहे. म्हणजे टाकून दिलेला भाग 6p² + p³, साधारण ०.०५४४९. पण नव्या अंदाजातली चूक, २.१ वजा मूळ, ०.००५४४९ आहे. आकडे तेच, फक्त बरोबर दहापट लहान. हे दहा कुठून आले?

वही घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी माझ्या आकृतीत मुळाच्या जागी एक उभी रेघ ओढली आणि म्हणाल्या, "तू उभं अंतर मोजते आहेस. प्रश्न आडव्या अंतराचा आहे."

त्या एका रेघेनं सगळं जागेवर बसलं. मुळाशी वक्राची उंची शून्य असते, पण स्पर्शिका तिथे शून्यावर नसते. वक्र वाकलेला आणि स्पर्शिका सरळ, म्हणून दोघांमध्ये फट पडते. आपल्या उदाहरणात x = 2 ची स्पर्शिका मुळाशी ०.०५४४९ खाली आहे. तिथून तिला अक्षापर्यंत चढायचं आहे आणि तिचा चढ १० आहे. एक पाऊल पुढे गेलं की दहा पावलं वर, म्हणून ०.०५४४९ चढायला पुढे जावं लागतं ०.००५४४९. स्पर्शिकेचा छेद मुळापासून नेमका इतकाच दूर पडतो, आणि नवी चूक तीच.

फट वर्गाच्या प्रमाणात का, हे दुसरा विकलज सांगतो. स्पर्शिका वक्राला बिंदूशी टेकते, आणि तिथे दोघांचा चढही सारखाच असतो. तिथून मुळाकडे जाताना वक्राचा चढ f'' च्या दरानं बदलत जातो, स्पर्शिकेचा मात्र तसाच राहतो. अंदाजातली चूक e धरली, तर तेवढं अंतर गेल्यावर चढांतला फरक साधारण f''·e होतो. हा फरक शून्यापासून वाढत गेलेला, म्हणून सरासरी निम्मी, आणि तिला e नं गुणलं की फट f''·e²/2. एक e चढ बदलायला लागला, दुसरा तो बदल साठायला. टेलरचं सूत्र हेच काटेकोरपणे लिहितं, फक्त f'' अंदाज आणि मूळ यांच्या मधल्या कुठल्यातरी ξ बिंदूशी घ्यायला लावतं. चढानं भागलं की:

```
e_(n+1) = f''(ξ) / (2 f'(x_n)) · e_n²
```

ξ हा कुठला तरी बिंदू मला नेहमी हवेतला वाटायचा. या घनसमीकरणात तो चक्क सापडतो. टाकलेला भाग p²(6 + p) आहे आणि f'' = 6x, म्हणून ξ = 2 + p/3. म्हणजे अंदाजापासून मुळाच्या वाटेवर बरोबर एक तृतीयांश अंतरावर! हे हाती आलं तेव्हा मला फार आनंद झाला.

मग पुढच्या पायऱ्या काढल्या. शेवटच्या रकान्यात नव्या चुकीला आधीच्या चुकीच्या वर्गानं भागलं आहे.

```
n   x_n            e_n         e_n / e_(n-1)²
0   2              -9.46e-2
1   2.1             5.45e-3    0.609
2   2.0945681211    1.66e-5    0.561
3   2.0945514817    1.56e-10   0.563
```

मुळाशी f''/(2f') ची किंमत ०.५६३ येते, आणि गुणोत्तर तिथेच स्थिरावलं. पहिल्या पायरीला ते जास्त आहे, कारण तिथे भाजकातला चढ १० आहे, मुळाशी तो ११.१६ होतो. "बरोबर अंक दरवेळी दुप्पट होतात" हे वाक्य इथे खरं ठरतं, कारण हा गुणक एकच्या आसपास आहे. तो हजार असता तर ०.०१ ची चूक आधी वाढली असती. म्हणून पाहायचं ते नुसत्या चुकीकडे नाही, गुणक आणि चूक यांच्या गुणाकाराकडे. तो एकपेक्षा लहान झाला की मगच वर्गाचा वेग लागू होतो. याच समीकरणात ०.८ पासून सुरुवात केली तर तिथला चढ फक्त −०.०८ आहे आणि पुढचा अंदाज थेट −७५.३ वर जाऊन पडतो.

वर्गाच्या वेगासाठी मूळ साधं, म्हणजे एकेरी, असावं लागतं. ही अट का, हेही त्याच सूत्रात आहे. मी x³ − 3x + 2 = 0 घेतलं, ज्याचं १ हे दुहेरी मूळ आहे. २ पासून निघाल्यावर अंदाज आले १.५५५६, १.२९७९, १.१५५४, १.०७९६. चूक प्रत्येक वेळी जेमतेम निम्मी. दोनदा आकडेमोड तपासली, चूक सापडली नाही. मग सूत्राकडे पाहिलं. दुहेरी मुळाशी चढच शून्य होतो आणि त्याच्या जवळ तो साधारण f''·e इतका असतो. तो भाजकात गेला की e² मधला एक e खाऊन टाकतो आणि उरतं e/2. फट अजूनही वर्गाच्याच प्रमाणात आहे, पण स्पर्शिका इतकी आडवी झाली आहे की ती एवढीशी उंची चढायला तिला लांब जावं लागतं. आता कॅल्क्युलेटरवर अंदाजांमधली अंतरं दरवेळी निम्मी होताना दिसली, की मी पुढच्या पायऱ्या काढत बसत नाही, आधी त्या जागी f' ची किंमत काढून बघते.