नऊचा ताळा जुळला, तेरीज जुळेना

गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या एका छोट्या सहकारी संस्थेत मी हिशेब बघतो. मार्च म्हणजे आमच्याकडे काजूचा हंगाम. बागायतदार बिया घेऊन येतात, वजन होतं, बिल होतं, आणि त्याची खतावणी, म्हणजे ज्याच्या त्याच्या खात्यावर नोंद, आम्ही अजून हातानेच करतो. 31 मार्चच्या संध्याकाळी तेरीज काढली, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे बाजूंच्या बेरजा ताडून पाहिल्या, तर जमेची बाजू 5,400 रुपयांनी कमी.

शिकायला आलेली मुलगी रडकुंडीला आली होती. दुपारभर बसून तिने किर्दीतल्या, म्हणजे रोजच्या नोंदवहीतल्या, आणि खतावणीतल्या एकूण एक रकमेचा नऊचा ताळा घेतला होता. म्हणजे रकमेतले अंक मिळवायचे, बेरीज दोन अंकी आली तर तेही पुन्हा मिळवायचे. दोन्हीकडे तोच आकडा आला की शेजारी पेन्सिलीने बरोबरची खूण. "सर, सगळे ताळे जुळतात. मग पैसे गेले कुठे?"

मी फरकाकडे बघितलं. 5 आणि 4 मिळून 9, म्हणजे 5,400 ला नवाने भाग जातो. तिचा ताळा जुळला आणि तरी तेरीज जुळली नाही, याचं कारण त्या फरकातच होतं. पण ते कळायला आधी अंक मिळवून नवाची बाकी का मिळते, ते कळायला हवं. तिला नियम पाठ होता, कारण माहीत नव्हतं.

नमुन्याच्या टोपलीतल्या काजूबिया टेबलावर होत्या. म्हटलं, 275 बिया आहेत असं समज, आणि नऊ-नऊचे वाटे घाल. शंभर बियांतून 99 वाट्यांत जातात, एक उरते. दोन शेकड्यांच्या दोन उरल्या. दहांतून नऊ जातात, एक उरते, म्हणून सात दहांच्या सात उरल्या. सुट्या पाच आहेतच. उरलेल्या बिया 2, 7 आणि 5, एकूण 14. त्यातून आणखी एक वाटा होतो आणि पाच उरतात. हजार असले तरी 999 वाटले जाऊन एकच उरते. म्हणजे अंक मिळवताना आपण प्रत्येक घरातल्या उरलेल्या बियाच मोजत असतो. तीनने भाग जातो का ते अंक मिळवून ओळखायचा नियमही याच कारणाने चालतो, कारण नऊचा प्रत्येक वाटा तीन-तीनच्या तीन वाट्यांत पुरता मोडतो.

ती एकदम म्हणाली, "मग अंक कुठल्या घरात आहे याने फरकच पडत नाही!"

नेमकं हेच. 48 चे 84 झाले तरी उरणाऱ्या बिया तेवढ्याच. अंकांची अदलाबदल नऊच्या ताळ्याला दिसत नाही. पण दोन्ही रकमांची बाकी सारखी असल्यामुळे त्यांच्यातला फरक मात्र नवाच्या पटीत येतो.

पुढचं शोधणं सोपं झालं. 5,400 ला नवाने भागलं की 600. शेजारच्या घरांतले अंक उलटले असतील तर ती घरं हजार आणि शतकाची, आणि त्या दोन अंकांत सहाचा फरक. दुसरीही शक्यता होती: शून्य गळून 6,000 चे 600 झाले तरी फरक 5,400 च येतो. म्हणून आधी 6,000 च्या नोंदी पाहिल्या, त्या ठीक होत्या. मग हजार-शतकाला 0-6, 1-7, 2-8, 3-9 असलेल्या रकमांवर बोट ठेवत गेलो. एका बागायतदाराच्या खात्यात 42,875 जमा होते. किर्दीत बिल होतं 48,275. दोन्हींच्या अंकांची बेरीज 26, ताळा 8. शेजारी तिची बरोबरची खूण होतीच.

त्या माणसाच्या वर्षाच्या कष्टातले 5,400 रुपये एका उलट्या अंकापायी कमी पडणार होते. ते वेळेत सापडले म्हणून मला फार हायसं वाटलं.

मग तिला अकराचा ताळा दाखवला. दहा बियांना अकराचा वाटा भरायला एक कमी पडते, शंभरातून 99 जाऊन एक उरते, हजाराला पुन्हा एक कमी (1,001 लागतात). म्हणून उजवीकडून अंक एकाआड एक मिळवायचे आणि वजा करायचे. 275 चे 5 उणे 7 अधिक 2, शून्य, म्हणजे अकराने पुरता भाग जातो. इथे घराला किंमत आहे. 48,275 ला उणे 4 येतात, त्यात 11 मिळवले की बाकी 7. 42,875 ची बाकी 8. शेजारच्या घरांची अदलाबदल लगेच उघडी पडते.

तिने कागदावर खाडाखोड केली आणि वर पाहिलं. "पण सर, 48,275 चे 28,475 झाले तर? चार आणि दोन एकाआड आहेत."

बरोबर होतं. दोन्ही अंक मिळवायच्याच घरांत, त्यामुळे अकराची बाकीही सातच राहते. ती चूक दोन्ही ताळ्यांतून निसटते, रक्कम अंकाअंकाने ताडूनच सापडते. मी लाल शाईने 42,875 वर रेघ मारली, शेजारी 48,275 लिहून सही केली, आणि तिने पुन्हा पहिल्या पानापासून रकमा वाचायला घेतल्या. या वेळी मोठ्याने, एकेक अंक उच्चारून.