ओडी १.८ आणि कॉलन्या बेचाळीस

आडसाली लागणीचे दिवस म्हणजे आमच्याकडं जैविक खतांच्या ऑर्डरींचा पूर. गोकुळ शिरगावच्या ज्या युनिटमध्ये मी तेव्हा क्वालिटी बघायचे, तिथून बेणेप्रक्रियेसाठी ॲझोटोबॅक्टर जिवाणूंचं द्रवरूप खत हातकणंगले, कागलपर्यंत जायचं. त्या आठवड्यात एक बॅच तयार झाली होती. लेबलंही छापून आली होती. अडलं होतं फक्त माझ्या सहीवर.

प्रॉडक्शनच्या सुपरवायझरदादांनी अठ्ठेचाळिसाव्या तासाला ६०० नॅनोमीटरवर ओडी घेतला होता, १.८. ओडी म्हणजे द्रवाचा गढूळपणा. जिवाणू जितके जास्त, तितका प्रकाश विखुरतो आणि आकडा चढतो. कुणाकडून तरी त्यांना सूत्र मिळालं होतं की ओडी १ म्हणजे मिलिलिटरला ८० कोटी जिवाणू. त्या हिशेबानं बॅचमध्ये १४४ कोटी. खत नियंत्रण आदेशाप्रमाणं द्रवरूप मालात मिलिलिटरला किमान १० कोटी जिवंत पेशी लागतात. त्यामुळं दादा निर्धास्त होते.

त्याच दिवशी लावलेल्या प्लेटा तिसऱ्या दिवशी मोजल्या. नऊ मिली निर्जंतुक सलाइनच्या नळ्यांची रांग, पहिलीत एक मिली नमुना, तिच्यातून एक मिली दुसरीत, दर वेळी नवी टिप. प्रत्येक नळीत दहापट पातळ. पाचव्या नळीतला ०.१ मिली प्लेटवर पसरला होता. तिथं जिवंत पेशी वाढून डोळ्यांना दिसणारा ठिपका होतो, ती कॉलनी. तीन प्लेटांवर कॉलन्या आल्या ४१, ४६ आणि ३९. सरासरी ४२.

पाचवी नळी म्हणजे लाखपट पातळ. शिवाय प्लेटवर पूर्ण मिली नाही, त्याचा दहावा भाग गेला. म्हणून गुणाकार लाखानं नाही, दहा लाखानं करायचा. नवी पोरं हमखास हा ०.१ विसरतात आणि उत्तर दहापट कमी येतं. तो धरूनच हिशेब असा, सीएफयूत म्हणजे कॉलनी उगवणाऱ्या एककांत:

४२ × १०,००,००० = ४ कोटी २० लाख सीएफयू प्रति मिली

"मॅडम, एखादा शून्य राहिला असंल बघा कुठंतरी," दादा म्हणाले. शंका रास्त होती, कारण नळ्यांच्या रांगेत एक चूक झाली की ती पुढं शेवटपर्यंत जाते. पण त्याची खूण शेजारच्या नळ्यांच्या प्लेटांवर दिसते. चौथ्या नळीच्या प्लेटवर ४०० च्या आसपास कॉलन्या होत्या आणि सहाव्याच्या प्लेटांवर ३, ५, ४. हे आकडे हिशेबात धरत नाहीत. तीनशेच्या वर गर्दीत कॉलन्या एकमेकींत मिसळतात आणि तिसाच्या खाली नशिबाचा भाग फार होतो. पण दर पायरीला दहापट उतार पडतोय का, हे त्यांच्यावरून कळतं, आणि इथं तो सरळ पडत होता. नळ्यांत घोटाळा नव्हता. बेचाळीसच्या जागी नशिबानं पन्नास आल्या असत्या, पण दहा कोटींसाठी लागणाऱ्या शंभर आल्या नसत्या.

मग आम्ही मशीनकडं वळलो. फ्रीजमधला नमुना हलवून घेतला. ओडी एकाच्या वर गेला की आकडा पेशींच्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून नमुना सलाइनमध्ये दहापट पातळ करून लावला. आकडा आला ०.१८२. मी क्युव्हेट, म्हणजे नमुन्याची छोटी नळी, मशीनमध्ये तशीच ठेवून बघत राहिले. ०.१७६. ०.१६९. आकडा डोळ्यांदेखत उतरत होता.

जिवाणू इतक्या लवकर तळाशी बसत नाहीत. काहीतरी जड त्यात तरंगत होतं, आणि ते काय हे ज्या मीडियममध्ये जिवाणू वाढवले होते त्या ॲशबीच्या माध्यमाच्या यादीत लिहिलेलंच होतं. त्यात लिटरला ५ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट असतं, म्हणजे खडूची पूडच. ॲझोटोबॅक्टर वाढताना थोडी आंबटाई येते, ती मारायला ही पूड घालतात. ती विरघळत नाही, पण प्रकाश मात्र जिवाणूंसारखाच विखुरते.

"मग ब्लँक घेतलंय की मी त्याच मीडियमचं," दादा म्हणाले. घेतलं होतं खरंच. ब्लँक म्हणजे जिवाणू न घातलेलं मीडियम, त्याचा आकडा नमुन्यातून वजा होतो. पण ब्लँकची बाटली रॅकवर उभी होती, खडू तळाशी बसलेला, आणि क्युव्हेटमध्ये गेलं होतं वरचं निवळ पाणी. नमुना मात्र थेट शेकरवरून, खडूसकट. वजाबाकीत खडू गेलाच नाही.

खात्री करायला सोपी युक्ती आहे. दहापट पातळ केलेल्या तीन मिली नमुन्यात १ नॉर्मल तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब टाकला, हलवलं आणि थोडं थांबलो. खडू विरघळतो, पेशी तशाच राहतात. आकडा ०.०६ वर येऊन तिथंच थांबला. दहानं गुणलं तर ०.६. जिवाणू न घातलेलं मीडियम नीट हलवून, तसंच पातळ करून त्यालाही थेंब दिला, तर त्याचा आकडा जवळजवळ शून्यावर गेला. म्हणजे १.८ मधला दोन तृतीयांश गढूळपणा निव्वळ खडूचा होता.

तरी ०.६ ला दादांच्या सूत्रानं ४८ कोटी व्हायला हवे होते. पण ते सूत्र ई. कोलायचं आहे. ॲझोटोबॅक्टरची पेशी त्याच्यापुढं चांगलीच जाडजूड, तेव्हा तेवढाच गढूळपणा करायला कमी पेशी पुरतात. त्यात या पेशी चिकट आवरणानं एकमेकींना धरून असतात. मायक्रोस्कोपखाली जोड्या आणि पुंजके दिसलेच. प्लेटवर अख्ख्या पुंजक्याची एकच कॉलनी होते, म्हणून तर आपण पेशी न म्हणता सीएफयू म्हणतो. पुंजके फोडायला नमुना काचेच्या मण्यांबरोबर हलवून पुन्हा प्लेटा लावल्या. कॉलन्या ६१ झाल्या, म्हणजे ६ कोटी १० लाख. सुधारलं, पण दहा नाही. बॅच बाहेर गेली नाही.

नंतर वाढीचा आलेख बर्कच्या माध्यमात काढला. त्यात आंबटाई सांभाळायला फॉस्फेट असतं, खडू नसतो. ठरावीक तासांनी ओडी आणि त्याच नमुन्याच्या प्लेटा, दोन्ही शेजारी शेजारी. ओडी लॉगच्या कागदावर मांडला की मधला तुकडा सरळ रेषेत येतो. आमच्याकडं त्या रेषेवर ०.०५ चे ०.४० व्हायला नऊ तास लागले. आठपट म्हणजे तीन दुपटी, एका दुपटीला तीन तास. खरी गंमत शेवटाकडं होती. कॉलन्यांचा आकडा उतरायला लागला तरी ओडी उतरेना, उलट किंचित चढला. मेलेल्या पेशीही फुटेपर्यंत प्रकाश अडवतात, आणि क्रोकॉकम जातीचं कल्चर जुनं झालं की तपकिरी होतं, तो रंगही आकड्यात मिसळतो. त्यामुळं ओडीला पेशींत बदलणारी आमची रेषा फक्त त्या सरळ तुकड्यापुरती वापरायची असं ठरलं.

मोठ्या टाकीत माध्यम ॲशबीचंच राहिलं, स्वस्त पडतं म्हणून. तिथं ओडी ॲसिडचा थेंब देऊनच घ्यायचा, आणि तोही टाकी कधी उतरवायची एवढं ठरवण्यापुरता. सही प्लेटांवरच. दादांना हे पटलं, फक्त एक तक्रार राहिली: "तीन दिस माल ठेवायचा कुठं? मालकास्नी सांगा, आधी कोल्ड रूम मोठी करा म्हणावं." ती मागणी मी त्याच रिपोर्टखाली लिहून टाकली.