आईची बारीक काडी

आज दादरला आईसाठी नवा चष्मा घेतला. तिची श्रवणयंत्रं कानामागे बसणारी. जुन्या फ्रेमची जाड काडी यंत्राला बाहेर ढकलायची, मग कानातलं टोक सैल होऊन यंत्र शिट्टी मारायचं. लोकलमध्ये ती मास्क लावते, त्याचं इलॅस्टिकही तिथंच. मास्क काढताना यंत्र निसटायचं, जीव खालीवर व्हायचा.

म्हणून आज यंत्रं आणि मास्क लावूनच फ्रेम बघितल्या. टायटॅनियमची बारीक काडी मस्त बसली, फक्त टोकाचं प्लास्टिकचं आवरण जाड होतं. तेही पातळ बसवून घेतलं. ही जागा नक्की बघा, कारण गर्दी नेमकी तिथंच होते. भिंगं जड असली तर असा हलका चष्मा नाकावरून घसरू शकतो, म्हणून नाकाचे पॅडही जुळवून घेतले. मास्क मात्र आता डोक्यामागे बांधायच्या नाड्यांचाच.